बोअरच्या पाण्याचा पांढरा थर (पुणे)

बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यामुळे कपड्यांवर, भांड्यांवर आणि नळांवर साचणारा क्षारांचा थर. पुणे बेसॉल्ट खडकावर वसले आहे. जमिनीत मुरताना पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. खडकवासल्याहून येणाऱ्या धरणाच्या पाण्याला खडकात इतका वेळ मुरावे लागत नाही, म्हणून ते पुष्कळ सौम्य असते. अनेक सोसायट्यांत नळाचे, टँकरचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत पडते. नळाचे पाणी कमी आले की टाकीत बोअरचा वाटा वाढतो आणि थरही जाड होतो.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबात मोजून, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. कठीणता थेंब टाकून रंग बदलणाऱ्या किटने मोजता येते. विक्रेते दाखवतात तो टीडीएस मीटर सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो; त्यांतले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्यावरून कळत नाही.

पांढरेपणा प्रत्येक वेळी एकाच कारणाने येत नाही. भांड्यावरचे पाणी वाळले की विरघळलेले क्षार तिथेच राहतात. हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच असतो. गीझरमध्ये तो तापल्यामुळे आणखी लवकर बसतो. साबणाच्या वडीने कपडे धुतले तर कॅल्शियम साबणाला धरून चिकट, करडा साका करते. तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही: धुण्याच्या पावडरीत बहुधा सोडा असतो, आणि तो पाण्यातले कॅल्शियम खडूच्या रूपात कापडाच्या धाग्यांतच बसवतो. फेस होत नाही म्हणून अशी पावडर वाढवत नेली, तर काळ्या कुर्त्यावरचे पांढरे पट्टे वाढूही शकतात. सोडा नसलेले लिक्विड डिटर्जंट अशा वेळी बरे.

ओळख सोपी आहे. डागावर व्हिनेगर टाकावे. तो विरघळला, बारीक बुडबुडे आले, तर खडू. चिकट राहिला तर साबण. काचेचा ग्लास व्हिनेगरने धुऊनही धुरकटच दिसला तर तो सिलिकेचा थर असेल किंवा काचच झिजली असेल. मग लिंबू घासत बसण्यात अर्थ नाही.

कपड्यांचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. हाताने पिळलेला २०० ग्रॅमचा सुती कुर्ता साधारण आपल्या वजनाएवढे पाणी धरून ठेवतो असे मानू. कठीणता ५०० असेल, तर दोरीवर वाळताना त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. मशीनमध्ये नीट स्पिन करून पाणी निम्म्यावर आणले तर क्षारही निम्मेच राहतात. शेवटचे खंगाळणे एक बादली नळाच्या पाण्यात केले तर त्याहून कमी. भांड्यांनाही हेच लागू: निथळत ठेवण्याऐवजी धुतल्या धुतल्या कोरड्या फडक्याने पुसली की थर बसायला पाणीच उरत नाही.

बसलेला थर काढायला आम्ल लागते, पण मात्रा पुरेशी हवी. बादलीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर, हा सल्ला जवळपास निरुपयोगी आहे. दहा लिटर बोअरच्या पाण्यात चार ग्रॅम कार्बोनेटाइतकी अल्कता असली तर ती शमवायलाच पाच टक्क्यांचे सुमारे १०० मिलिलिटर व्हिनेगर, किंवा चमचाभर (५ ग्रॅम) सायट्रिक आम्ल खर्ची पडते. कापडावरच्या थराला काही उरतच नाही. म्हणून नळाच्या पाण्यात एक चमचा, किंवा बोअरच्याच पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक आम्ल घालून कपडे अर्धा तास भिजवावेत, मग खंगाळावेत. ब्लीचबरोबर आम्ल कधीही वापरू नये, क्लोरीन वायू सुटतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी चुनखडीचीच असल्याने ओट्यावर सांडलेले लिंबू तिलाही खाते. टॉयलेटचे तीव्र ॲसिड नळांना लावले तर वरचा क्रोमचा मुलामा उडतो.

कायमचा उपाय सॉफ्टनर. त्यातली रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. लिटरभर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणता धरते असे मानले, तर २५ लिटर रेझिन ५०० कठीणतेचे सुमारे अडीच हजार लिटर पाणी सौम्य करते, आणि मग मिठाच्या पाण्याने ती पुन्हा भारावी लागते. मीठ भरायला विसरले की यंत्र चालू दिसते, पाणी मात्र पूर्वीसारखेच येते. सॉफ्टनरच्या पाण्याचेही डाग पडतात, कारण एकूण क्षार फारसे कमी होत नाहीत. पण ते सोडियमचे असल्याने ओल्या फडक्याने निघतात. पाइपवर बसवायची चुंबकी साधने कॅल्शियम काढून टाकत नाहीत, तुरटीही नाही. आरओचे शुद्ध पाणी शेवटच्या खंगाळण्याला उत्तम, पण त्याच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते कपड्यांना वापरू नये, संडासात ओतावे.