बेलतेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात

दरवाजे-खिडक्यांना आणि जुन्या फर्निचरला लावायला सांगली-मिरजेतले बरेच लोक आमच्याकडून बेलतेल नेतात म्हणून हा कागद डब्यासोबत देतोय, तुमच्या सुताराला, पॉलिशवाल्यालाही नक्की दाखवा.

बेलतेल म्हणजे जवसाचं तेल. ते टर्पेंटाइनसारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि हे होताना उष्णता तयार होते. फळीवर पातळ हात मारला की ती लगेच हवेत निघून जाते, आपल्याला कळत पण नाही. पण तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या की आत हवा पोचते, उष्णतेला मात्र बाहेर पडायला वाट नाही, मग आतलं कापड तापतं, तापलं की तेलाची क्रिया अजून जोरात होते आणि अजून तापतं, असं करत करत काही तासांनी पेट घेतं, तोपर्यंत माणसं काम संपवून घरी गेलेली असतात. ठिणगी, बिडी काही लागत नाही. डबल बॉईल्ड तेल लवकर वाळतं, म्हणून त्याच्या चिंध्या जास्त सांभाळा. कोळशाचा ढीग ऑक्सिजनमुळे असाच आतून तापतो, आणि ओल्या कडब्याच्या गंजीत आधी जिवाणूंमुळे उष्णता वाढते, पुढचं मग सारखंच.

२३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत हेच झालं. २२ व्या मजल्यावर लाकडी पॅनेलला तेल लावायचं काम चालू होतं आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या तिथंच राहिल्या. शनिवार होता, रात्री आग भडकली ती वर वर चढत गेली, अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. ३० व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते, तिथं ती थांबली.

तर काम झालं की चिंधी लगेच उघड्यावर, सावलीत, एकेक सुटी पसरून वाळवा, एकीवर दुसरी नको. पापडासारखी कडक झाली की मगच कचऱ्यात टाका. एवढी जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात पूर्ण बुडवून घट्ट झाकण लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा भुशाच्या पोत्यात तर अजिबात टाकू नका. लाकूड घासल्यावर पडलेला तेलकट भुसा पण तसाच धोक्याचा.

रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल असे आपोआप तापत नाहीत, ते पेटायला ठिणगी लागते, तो धोका वेगळा. करडईचं तेल मात्र जवसाच्या जवळचं आहे, त्यात भिजलेली फडकी पण ढीग करून ठेवू नका.

ढिगातून उग्र, करपल्यासारखा वास आला किंवा वरून हात धरल्यावर ऊब लागली तर तो घरात उकरू नका, हवा लागली की भडकतो. आधी तिथंच भरपूर पाणी ओता, मग फावड्याने बाहेर नेऊन पसरा आणि पुन्हा भिजवा. धूर मोठा असेल तर हात न लावता बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.