सोनेतारण कर्ज: ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हेत

सोनेतारण कर्ज मिळायला फारसे काही लागत नाही. आधार, पॅन, ओटीपी येणारा मोबाइल आणि स्वतःच्या मालकीचे दागिने असले की तासाभरात पैसे हातात पडतात. (बिस्किट किंवा वळे घेऊन जाऊ नका, त्यांवर कर्ज देत नाहीत.) अडचण येते ती सोडवताना. मनात धरलेली रक्कम आणि काउंटरवर सांगितलेली रक्कम यांत दीड-दोन हजारांचा फरक निघतो आणि माणूस दागिने न घेता परत येतो. हे इतक्यांदा पाहिले आहे की आता हिशेबच लिहून काढतो.

बँकांमध्ये बहुधा एकच दर असतो. टप्प्यांचे म्हणजे स्लॅबचे दर मुख्यतः वित्त कंपन्यांच्या योजनांत असतात. दर योजनेगणिक बदलतात, म्हणून समजण्यापुरते असे धरू: व्याज ३० दिवसांच्या आत भरले तर वर्षाला १२ टक्के, ३१ ते ६० दिवसांत १५, ६१ ते ९० दिवसांत १८ आणि ९० दिवस उलटले की २४. कर्ज १,००,००० रुपये, उचलले ५ जुलैला. सूत्र शाळेतलेच आहे:

```
व्याज = मुद्दल × दर × दिवस ÷ 36500
```

बहुतेकांना वाटते की पहिले ३० दिवस १२ टक्क्यांनी, पुढचे ३० पंधराने, असा हिशेब होत असेल. तसे असते तर ९१ दिवसांचे व्याज ३,७६४ रुपये झाले असते. पण अनेक योजनांत टप्पा ओलांडला की नवा दर पहिल्या दिवसापासून लागतो. मग त्याच ९१ दिवसांचे व्याज २४ टक्क्यांनी ५,९८४ रुपये होते. आदल्या दिवशी, म्हणजे ९०व्या दिवशी, ते ४,४३८ होते. एका दिवसाची किंमत १,५४६ रुपये.

यावर ‘दंडव्याज तर रिझर्व्ह बँकेने बंद केले ना?’ असे कोणी तरी म्हणतेच. २०२४पासून व्याजदरात दंड मिसळता येत नाही, हे खरे. पण करारात २४ हाच मूळ दर लिहिलेला असतो आणि १२, १५, १८ या वेळेवर भरणाऱ्याला दिलेल्या सवलती असतात. त्यामुळे तो वाद काउंटरवर टिकत नाही. भांडायचेच असेल तर सही करण्याआधी. कर्जासोबत मुख्य माहितीचा तक्ता द्यावाच लागतो. तो मागा आणि ‘टप्पा ओलांडला तर दर कोणत्या तारखेपासून?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ग्रॅममागे सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या योजनेत टप्पे बहुधा सर्वांत चढे असतात, हेही तिथेच दिसेल.

आता तारीख. ‘तीन महिन्यांत भरा’ असे तोंडी सांगतात, म्हणून लोक ५ ऑक्टोबरला येतात. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही ३१ दिवसांचे, त्यामुळे ५ ऑक्टोबरला ९२ दिवस झालेले असतात आणि व्याज ६,०४९ निघते. खरा शेवटचा दिवस ३ ऑक्टोबर. त्याच्या आदल्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, म्हणजे निवांत बसायला जागा नाही. काही ठिकाणी कर्ज उचलल्याचा आणि भरण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, तिथे ३ ऑक्टोबरही ९१वा ठरतो. पहिल्या टप्प्याचेही तसेच: ५ जुलै ते ५ ऑगस्ट हे ३१ दिवस आहेत, ३० नव्हेत. महिने मोजूच नका. कर्ज घेतल्याच दिवशी पावतीच्या पाठीवर ३०, ६० आणि ९० दिवसांच्या तारखा लिहून घ्या आणि शाखेतल्या माणसाकडून तपासून घ्या.

सर्वांत जास्त नुकसान मात्र अर्धवट भरण्यात होते. एक मावशी कर्जाच्या ४५व्या दिवशी, १९ ऑगस्टला, १,५०० रुपये भरून आल्या. त्या दिवशीचे व्याज १५ टक्क्यांनी १,८४९ होते. ३४९ रुपये राहिले, ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणाल्या. आलेला पैसा आधी शुल्कांत, मग व्याजात आणि उरला तर मुद्दलात जातो. व्याज पूर्ण फिटले तरच दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. त्यांचे फिटले नव्हते, म्हणून घड्याळ ५ जुलैपासूनच चालत राहिले. ४ ऑक्टोबरला २४ टक्क्यांनी ५,९८४ व्याज निघाले. त्यातून १,५०० वजा झाले आणि ४,४८४ मागितले गेले. ते ३४९ रुपये त्याच दिवशी दिले असते तर पुढच्या ४६ दिवसांचे व्याज १५ टक्क्यांनी १,८९० झाले असते, म्हणजे दोन्ही मिळून ३,७३९. साडेतीनशे रुपयांपायी २,२४५ गेले. शाखेत कोणी सांगितले नाही का? नाही. कोणी विचारलेही नव्हते, आणि भरण्याच्या पावतीवर ‘व्याज बाकी’ असे ठळक छापावे असे कंपनीला वाटत नाही.

त्याच १९ ऑगस्टला कोणी २०,००० भरले, तर १,८४९ व्याजात जातात, १८,१५१ मुद्दलातून कमी होतात आणि मुद्दल ८१,८४९ राहते. घड्याळ शून्यावर येते. मग १६ सप्टेंबरला, २८ दिवसांनी, खाते बंद करायचे तर १२ टक्क्यांनी ७५३ व्याज धरून ८२,६०२ रुपये लागतील. कोणत्याही तारखेची रक्कम अशीच काढायची: व्याज शेवटचे पूर्ण फिटले ती तारीख धरा, तिथपासूनचे दिवस मोजा, त्या दिवसांना लागू होणारा दर घ्या आणि उरलेल्या मुद्दलावर लावा. दोन-चार दिवसांत कर्ज सोडवणार असाल तर किमान दिवसांच्या व्याजाची अट आहे का, तेवढे पाहा.

अॅपवर दिसणारा आकडा आजचा असतो. रात्री उशिरा ऑनलाइन भरले आणि जमा दुसऱ्या दिवशी झाली, तर ९०व्या दिवसाचे पैसे ९१व्या दिवशी पोचतात. अशा वेळी काही रुपये बाकी राहून खाते उघडेच राहते आणि दागिने मिळत नाहीत. म्हणून शाखेतून तारीख घातलेला बंद-रकमेचा आकडा लेखी घ्या आणि त्याच दिवशी दुपारच्या आत भरा.

दागिने घ्यायला मूळ गहाण पावती आणि ओळखपत्र लागते, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यालाच जावे लागते. इथे अडकणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. दागिने त्यांचे, पण कर्ज नवऱ्याच्या नावाने आणि तो कामाला परगावी. अधिकारपत्र चालते का, त्यावर काय लागते, हे आधी फोन करून विचारा. पावती हरवली असेल तर हमीपत्र द्यावे लागते, त्यात एखादा दिवस जातो. तो दिवस टप्प्याच्या आत बसेल असे बघा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार पूर्ण फेड झाल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे असतात. कंपनीच्या चुकीने त्याहून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ एप्रिल २०२६पासून हे सर्वांना बंधनकारक आहे. दागिने ताब्यात घेताना पाकीट तुमच्यासमोर उघडायला लावा, पावतीवरचे वजन काट्यावर जुळवा आणि मगच सही करा.