तिरंगी भाटीचा रंग कुठं ठरतो?

कोल्हापुरात मांजराचं पिल्लू कुणाला द्यायचं असलं की हल्ली आधी फोटो फिरतो. खाली 'तिरंगी', 'कबरी', 'वाघ्या' असं जे सुचेल ते लिहिलेलं असतं. मधूनच एखाद्या फोटोखाली 'दुर्मीळ तिरंगी बोका' असं येतं आणि पिल्लाला किंमत लावली जाते. फोटो पाहून टॉर्टी म्हणजे काळी-केशरी, कॅलिको म्हणजे त्यात भरपूर पांढरंही असलेली, की टॅबी म्हणजे पट्ट्यांची, हे बऱ्यापैकी ठरवता येतं. पण त्यासाठी मांजराच्या अंगावर नेमकं काय दिसतं हे कळायला हवं, आणि ते कळायला शास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं लागली.

काळा आणि केशरी एकाच अंगावर दिसले की ती मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, हे मांजरं पाळणाऱ्यांना फार आधीपासून माहीत होतं. 1904 साली केंब्रिजच्या लिओनार्ड डॉन्कास्टरनं या रंगांच्या वारशावर निबंध लिहिला. केशरी रंगाचा संबंध नर-मादीपणाशी आहे एवढं त्या काळच्या संकरांवरून दिसत होतं. केशरीचा जनुक एक्स गुणसूत्रावर बसतो हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. बोक्याला एकच एक्स असतो, म्हणून तो केशरी तरी असतो नाहीतर काळा. भाटीला दोन एक्स असतात, म्हणून तिच्याकडे दोन्ही येऊ शकतात. पण दोन्ही आले तर रंग एकमेकांत मिसळून मधलाच एखादा का होत नाही, ठिपके वेगवेगळे का राहतात, याचं उत्तर मिळत नव्हतं.

ते उत्तर रंगाचा अभ्यास न करणाऱ्यांकडून आलं. 1949 मध्ये कॅनडात मरे बार आणि त्याचा विद्यार्थी यूअर्ट बर्ट्रम मांजरांच्या चेतापेशी तपासत होते. मादीच्या पेशींच्या केंद्रकात त्यांना एक गडद ठिपका दिसला, नराच्या पेशींत तो नव्हता. दहा वर्षांनी सुसुमू ओहनोनं दाखवलं की हा ठिपका म्हणजे गुंडाळून घट्ट झालेलं एक अख्खं एक्स गुणसूत्र आहे. मग 1961 मध्ये इंग्लंडच्या मेरी लायननं उंदरांच्या अंगावरचे ठिपके पाहून मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद पडतो. कोणता बंद पडेल हे नशिबावर असतं, पण एकदा बंद पडला की त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत तोच बंद राहतो. टॉर्टी मांजराचं उदाहरण तिनं त्याच निबंधात दिलं आहे. भाटीच्या अंगावर जिथं केशरी आहे तिथं एक एक्स चालू आहे आणि जिथं काळा आहे तिथं दुसरा. मला विचाराल तर आनुवंशिकतेचा इतका मोठा नियम नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल असं दुसरं जनावर आपल्या दारात नाही.

पांढऱ्याचा मात्र या भानगडीशी संबंध नाही, आणि इथंच अनेकांचा घोळ होतो. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि पोटाकडे, पायांकडे पसरत जातात. किट नावाच्या जनुकातल्या बदलामुळे त्या वाटेत कमी पडल्या तर टोकाच्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून पांढरं सहसा छातीवर, पोटावर आणि पंजांवर दिसतं. पेशी कमी असल्यानं प्रत्येकीच्या वंशजांना पसरायला जागाही जास्त मिळते. त्यामुळे पांढरं नसलेल्या टॉर्टीत काळे आणि केशरी केस एकमेकांत घुसलेले दिसतात, तर भरपूर पांढरं असलेल्या कॅलिकोत मोठे, स्वच्छ कडांचे ठिपके पडतात.

राहिला टॅबी, म्हणजे आपला वाघ्या. पट्टे मुळात प्रत्येक मांजराकडे असतात. अगूटी जनुक नीट चालत असेल तर पट्ट्यांमधल्या जागेतल्या प्रत्येक केसावर काळ्या-पिवळ्या कड्या येतात आणि पट्टे उठून दिसतात. तो जनुक बिघडलेला असेल तर केस मुळापासून टोकापर्यंत काळा होतो आणि पट्टे झाकले जातात. केशरी केसांवर मात्र हे झाकणं चालत नाही, म्हणून केशरी मांजर पट्ट्यांशिवाय सहसा सापडत नाही.

असं का, हे अलीकडेच उलगडलं. 2025 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातला हिरोयुकी सासाकी यांचा गट आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा गट, दोघेही स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले. केशरी मांजरांच्या एक्स गुणसूत्रावर एआरएचजीएपी36 या जनुकाच्या आतला सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. त्यामुळे हा जनुक रंगपेशींत नको तितका चालू राहतो आणि काळं रंगद्रव्य बनवण्याचा निरोपच अडवतो. अगूटी याच निरोपावर काम करतो, पण आधीच्या टप्प्यावर. पुढची वाट बंद असल्यावर मागे अगूटी चालू आहे की बिघडलेला, यानं फरक पडत नाही.

फोटो पाहताना हाच भाग उपयोगी पडतो. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीसमोर, पोत्यांवर बसलेल्या मांजराचा फोटो समोर आहे असं धरू. ऊन संध्याकाळचं, मांजर उजव्या कुशीवरून दिसतंय, खाली लिहिलंय 'टॅबी', कारण पाठीवर पट्टे आहेत. पट्टे कुठं आहेत ते आधी पाहायचं. ते फक्त केशरी भागात असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, केशरीत ते असणारच. म्हणून काळ्या भागाकडे वळायचं. तिथं सलग काळा असेल तर ती टॉर्टी. तिथंही तपकिरी-काळे पट्टे असतील तर ती टॅबी टॉर्टी, जिला पाळणारे टॉर्बी म्हणतात. या फोटोत काळा सलग आहे. पण छाती आणि पोट पोत्याआड आहेत, म्हणून कॅलिको की टॉर्टी हे ठरवायच्या आधी समोरून काढलेला दुसरा फोटो मागवावा लागतो. त्यात छाती आणि चारही पंजे पांढरे निघाले तर कॅलिको म्हणायला हरकत नाही. छातीवर चार पांढरे केस असतील तर मी टॉर्टीच लिहीन.

सगळ्यात फसवा असतो साधा तपकिरी वाघ्या. त्याच्या पोटाची आणि कानामागची लाली संध्याकाळच्या उजेडात केशरी दिसते, आणि फोनचा कॅमेरा ती आणखी गडद करतो. मग बोक्याचं 'दुर्मीळ तिरंगी' होतं. खरा केशरी ठिपका ओळखायची खूण अशी, की त्याच्या आत कुठंही काळी रेघ नसते आणि दोन्ही कुशींवर तो सारखा पडत नाही. लाली मात्र दोन्ही बाजूंना एकसारखी, पट्ट्यांच्या मधे मधे असते. उन्हानं विटलेला काळाही तांबूस होतो, पण तो टोकाला. फुंकर मारून केस बाजूला केले की मुळाशी काळाच दिसतो. हे फोटोत कळत नाही, मालकाला करायला सांगावं लागतं.

खरा तिरंगी बोका असतो. 1961 मध्येच अशा एका बोक्यात दोन एक्स आणि एक वाय सापडले होते. असे बोके बहुतेक वांझ असतात. पण ती खात्री गुणसूत्रं तपासूनच होते. तेव्हा तसं पिल्लू विकायला आलं की आधी शेपटी उचलून ते बोका आहे की भाटी हे डॉक्टरांकडून बघून घ्यावं, बहुतेक वेळा किंमतीचा प्रश्न तिथंच संपतो.

अडतीवरच्या त्या भाटीला उद्या पिल्लं झाली आणि बाप काळा बोका असला, तर केशरी पिल्लं सगळी बोके निघतील, कारण भाटी पिल्लाला बापाकडून काळ्याचा एक्स मिळालेला असतोच. केशरी पिल्लांत एखादी भाटी निघाली, तर तिचा बाप दुसराच कुणीतरी केशरी बोका आहे. एकाच वितीत दोन बाप असणं मांजरांत नवल नाही.