ब्रेक-ईव्हन रोआस

जाहिरातीचा खर्च नेमका भरून निघावा, नफा नाही आणि तोटाही नाही, यासाठी त्या खर्चाच्या किती पट विक्री व्हावी लागते हे सांगणारी संख्या म्हणजे ब्रेक-ईव्हन रोआस. रोआस म्हणजे जाहिरातीतून आलेली विक्री भागिले जाहिरातीचा खर्च. १०० खर्चून ४०० ची विक्री झाली तर रोआस ४. हा आकडा चांगला की वाईट, हे त्याच्याकडे नुसते पाहून कळत नाही. एका दुकानाला ४ वर भरपूर उरते, तर दुसरे दुकान त्याच ४ वर दर ऑर्डरमागे खिशातून पैसे घालत असते. फरक मालाच्या मार्जिनचा असतो, आणि त्याहून जास्त परत येणाऱ्या मालाचा.

मराठीत एक घोळ आधीच होतो. खर्चावर मिळते तोही ‘परतावा’ आणि ग्राहकाला परत दिलेले पैसे हाही ‘परतावा’च. म्हणून या नोंदीत खर्चावरच्या मिळकतीला रोआस आणि ग्राहकाकडून माघारी आलेल्या वस्तूला ‘परत आलेला माल’ किंवा ‘रिटर्न’ असेच म्हटले आहे.

मूळ हिशोब

एका ऑर्डरच्या किमतीतून, ती ऑर्डर आली म्हणूनच झालेले सगळे खर्च वजा केले की त्या ऑर्डरचे मार्जिन उरते. मालाची खरेदी, पॅकिंग, पाठवणी आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क हे ते खर्च. गोदामाचे भाडे किंवा पगार यात धरत नाहीत, कारण एक ऑर्डर कमी आली म्हणून ते कमी होत नाहीत. किमतीला या मार्जिनने भागले की ब्रेक-ईव्हन रोआस मिळतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. चलन कोणतेही धरावे. वस्तूची किंमत कर वगळून १०००. खरेदी ४००, पॅकिंग २०, पाठवणी ८०, पैसे स्वीकारण्याचे शुल्क २ टक्के म्हणजे २०. उरले ४८०. १००० भागिले ४८० म्हणजे सुमारे २.०८. फक्त खरेदीची किंमत वजा करून ६०० हेच मार्जिन समजणाऱ्याला हाच आकडा १.६७ दिसतो. बहुतेकांचा हिशोब इथवरच येऊन थांबतो आणि खरी चूक इथेच घडते, कारण यात प्रत्येक वस्तू ग्राहकाकडेच राहिली असे गृहीत धरलेले असते.

परत आलेला माल दोनदा मारतो

आता शंभर ऑर्डरींपैकी वीस परत येतात असे धरू. सरसकट केली जाणारी दुरुस्ती अशी की विक्री ८० टक्केच राहिली, म्हणून २.०८ ला ०.८ ने भागायचे; उत्तर २.६०. हे पटण्यासारखे दिसते, पण अपुरे आहे. या दुरुस्तीत परत आलेल्या ऑर्डरचे मार्जिन शून्य धरले जाते. प्रत्यक्षात ते शून्याच्या खाली असते.

उदाहरणातल्या एका परत आलेल्या ऑर्डरचे काय होते ते पाहू. ग्राहकाला पूर्ण १००० परत दिले. जाताना लागलेले ८० गेले, पॅकिंगचे २० गेले. व्यवहार उलटला तरी शुल्काचे २० परत मिळाले नाहीत (काही ठिकाणी मिळतात, करार वाचून ठरवावे). माल माघारी आणायला ९० लागले, तपासून पुन्हा पॅक करायला ३०. शिवाय प्रत्येक परत आलेली वस्तू पुन्हा विकता येतेच असे नाही. चारांतली एक खराब निघत असेल तर ४०० च्या खरेदीतले सरासरी १०० दर रिटर्नमागे बुडतात. एकूण ३४०. म्हणजे परत आलेल्या ऑर्डरवर ४८० कमावले नाहीत हे एक, आणि वर ३४० गमावले हे दुसरे.

शंभर ऑर्डरींचा मेळ असा लागतो : ८० ऑर्डरींवर ४८० प्रमाणे ३८,४०० मिळाले, २० ऑर्डरींवर ३४० प्रमाणे ६,८०० गेले, उरले ३१,६००. जाहिरातीवर जास्तीत जास्त एवढेच खर्च करता येतात, म्हणजे दर ऑर्डरमागे ३१६. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर मात्र विक्री दिसते पूर्ण १,००,०००, कारण तो ऑर्डर नोंदली गेली त्या क्षणी किंमत मोजतो आणि नंतर परत आलेला माल आपण कळवल्याशिवाय त्याला कळत नाही. म्हणून त्या पडद्यावर पाहायचा ब्रेक-ईव्हन रोआस १,००,००० भागिले ३१,६००, म्हणजे ३.१६.

२.६० ला खूश असणारा विक्रेता शंभर ऑर्डरींसाठी ३८,४०० खर्च करतो आणि बरोबर ६,८०० चा तोटा सोसतो. वगळलेला रिटर्नचा खर्च तो हाच.

स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत बसते. B1 मध्ये किंमत, B2 मध्ये ग्राहकाकडे राहिलेल्या ऑर्डरचे मार्जिन, B3 मध्ये रिटर्नचे प्रमाण (०.२ असे) आणि B4 मध्ये एका रिटर्नचे नुकसान :

```
=B1/(B2-B3*(B2+B4))
```

आपल्या उदाहरणात दर ऑर्डरचे मार्जिन ४८० वजा रिटर्नच्या प्रमाणाच्या ८२० पट असे येते. रिटर्न १० टक्के असतील तर ब्रेक-ईव्हन २.५१, २० ला ३.१६, ३० ला ४.२७ आणि ४० ला थेट ६.५८. वाढ सरळ रेषेत होत नाही. खाली उरणारे मार्जिन जितके आटते तितका एकेक टक्का महाग पडतो. ५८ टक्क्यांच्या थोडे पुढे मार्जिनच संपते आणि तिथून पुढे जाहिरात फुकट मिळाली तरी विक्री तोट्यातच.

कोणत्या विक्रीशी तुलना

वरचे ३.१६ डॅशबोर्डवरच्या ढोबळ विक्रीसाठी आहे. रिटर्न वजा केलेल्या निव्वळ विक्रीवर रोआस काढला तर अंशस्थानी ८०,००० येतात आणि त्याच धंद्याचा ब्रेक-ईव्हन २.५३ होतो. दोन्ही बरोबर आहेत. ढोबळ विक्रीच्या रोआसला निव्वळचा मापदंड लावणे मात्र चूक. एकाने काढलेला आकडा दुसऱ्याच्या अहवालावर ठेवला जातो तेव्हा ही चूक हमखास होते.

डॅशबोर्डला पाठवलेल्या किमतीत कर धरलेला असेल तर आणखी एक पायरी लागते. कर १० टक्के असेल तर पडद्यावर ११०० दिसतात, मार्जिन मात्र ३१६ च राहते आणि मापदंड ३.४८ होतो. ग्राहकाकडून घेतलेले पाठवणीचे पैसे विक्रीत मोजले जात असतील, तर ते किमतीतही धरावेत आणि मार्जिनमध्येही.

सवलतीचा परिणाम अनेकांना अनपेक्षित वाटतो. वस्तू १० टक्के सवलतीने ९०० ला दिली की राहिलेल्या ऑर्डरचे मार्जिन ३८२ वर येते आणि रिटर्नचे नुकसान ३३८ म्हणजे जवळपास तेवढेच राहते. दर ऑर्डरमागे उरतात २३८, आणि ब्रेक-ईव्हन ३.७८. सवलतीच्या दिवसांत विक्री वाढून रोआस ३.५ दिसला तर आनंद होतो, पण त्या दिवसांत तो तोट्याचा आकडा आहे.

गुगल ॲड्समध्ये लक्ष्य रोआस टक्क्यांत भरावा लागतो, म्हणजे ३.१६ ऐवजी ३१६ टक्के. ॲमेझॉनवर जाहिरात पाहणारे ‘एकॉस’ म्हणजे विक्रीतला जाहिरातीचा वाटा बोलतात. तो रोआसचा व्यस्त, इथे ३१.६ टक्के.

रिटर्नचे प्रमाण मोजताना

सूत्रातली सर्वांत नाजूक संख्या B3 आहे. पुष्कळ जण या महिन्यात परत आलेला माल भागिले या महिन्याच्या ऑर्डरी असा हिशोब करतात. वाढत्या धंद्यात तो फसवा असतो. गेल्या महिन्यात १००० ऑर्डरी होत्या आणि त्यांतल्या २०० या महिन्यात परत आल्या. या महिन्यात ऑर्डरी झाल्या १५००. भागाकार दाखवतो १३ टक्के, खरे प्रमाण २० आहे. १३ टक्क्यांवर काढलेला ब्रेक-ईव्हन २.७० च्या आसपास येतो आणि विक्रेता निर्धास्तपणे खर्च वाढवतो. बिंग फुटते ते वाढ थांबल्यावर. म्हणून रिटर्न ज्या तारखेच्या ऑर्डरचा, त्याच तारखेला जोडावा आणि परत करण्याची मुदत उलटलेल्या ऑर्डरीच मोजाव्यात.

सरासरीही जपून वापरावी. मापाचे कपडे आणि मापाशिवायची वस्तू एकाच दुकानात असतील तर दोघांना एक मापदंड लावण्यात अर्थ नाही. पोहोच न होताच माघारी आलेले पार्सल वेगळे मोजावे. त्यात माल सहसा चांगला असतो, पण दोन्ही बाजूंची पाठवणी लागतेच आणि डॅशबोर्डवर विक्री तशीच उभी असते.

मर्यादा

ब्रेक-ईव्हन रोआस हा सरासरी खर्चाचा मापदंड आहे, वाढीव खर्चाचा नाही. २०,००० खर्चून ८०,००० ची विक्री होत होती, रोआस ४. खर्च ३०,००० केला आणि विक्री १,००,००० झाली, रोआस ३.३३. ३.१६ च्या वर आहे, म्हणजे ठीक? आधी ८०,००० वर २५,२८० मार्जिन होते. जाहिरात वजा जाता ५,२८० उरत. आता ३१,६०० मधून ३०,००० गेले, उरले १,६००. शेवटच्या १०,००० नी फक्त २०,००० ची विक्री आणली, म्हणजे त्या हप्त्याचा रोआस २ होता. खर्च वाढवताना मापदंड या वाढीव रोआसला लावावा लागतो, आणि तो डॅशबोर्डवर आयता मिळत नाही. दोन कालावधींची वजाबाकी करूनच काढावा लागतो.

जाहिरात नसती तरी आलीच असती अशी विक्रीही डॅशबोर्ड आपल्या खात्यात टाकतो. दुकानाचे नाव टाइप करून शोधणाऱ्याला दाखवलेल्या जाहिरातीत हे सर्वाधिक घडते. अशा मोहिमेचा रोआस १० दिसला तरी त्याची ३.१६ शी तुलना करून फारसे काही कळत नाही. ती मोहीम काही दिवस बंद ठेवून दुकानाची एकूण विक्री किती हलते ते पाहणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.