दहा हालचालींचा आकडा कुठून आला, आणि तो पुरेसा का ठरत नाही

गोव्यात तपासणीला जाणाऱ्या गर्भवतीला सातवा महिना लागला की "बाळाची हालचाल मोजत जा, बारा तासांत दहा तरी व्हायला हव्यात" असे हमखास सांगितले जाते. ही सूचना सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची आहे. तिच्यातील दहाचा आकडा कसा ठरला आणि पुढे त्याच्याविषयी शंका का घेतल्या गेल्या, हे माहीत असले तर हालचाल अचानक कमी झाल्यावर आईने काय करावे हेही नीट समजते.

1970च्या दशकाच्या आरंभी जेरुसलेमचे डॉ. सॅडोव्स्की यांनी गर्भवतींच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास केला. अडचणीत आलेल्या काही बाळांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही त्यांचे ठोके काही काळ ऐकू येत असल्याचे त्यांना आढळले. वारेतून पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की बाळ हातपाय हलवणे कमी करते आणि उपलब्ध प्राणवायू हृदय व मेंदूसाठी राखते. हालचाल मंदावणे आणि ठोके बंद पडणे यांच्यामध्ये काही अवधी असतो, आणि बाळ वाचवायचे असेल तर त्याच अवधीत. पुढचा सारा विचार या निरीक्षणावर उभा आहे.

1976 मध्ये कार्डिफच्या पिअर्सन आणि वीव्हर यांनी या निरीक्षणाला तक्त्याचे रूप दिले. सकाळी नऊपासून हालचाली मोजायच्या, दहावी झाली की ती वेळ लिहायची, आणि रात्री नऊपर्यंत दहा झाल्या नाहीत तर ती धोक्याची खूण मानायची. निरोगी बाळे जन्मलेल्या थोड्याशा स्त्रियांच्या नोंदींतील अगदी खालची पातळी म्हणून दहा हा आकडा निवडला गेला होता. पद्धत सोपी आणि बिनखर्चाची असल्याने ती जगभर पसरली. आपल्याकडे तिचे आणखी सुटसुटीत रूप रुळले: सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन वेळा एकेक तास मोजायचे आणि बेरजेला चाराने गुणायचे.

या तक्त्याची मोठी परीक्षा 1989 मध्ये झाली. अडुसष्ट हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या अभ्यासात नियमाने मोजणाऱ्या आणि न मोजणाऱ्या गटांतील गर्भमृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पुष्कळ स्त्रिया दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा उशीर झालेला होता, तर काही ठिकाणी बाळ जिवंत असूनही तपासणीने खोटा दिलासा दिला. म्हणजे दोष केवळ मोजण्यात नव्हता, मोजल्यानंतरच्या वाट पाहण्यातही होता. 2018 मध्ये ब्रिटन व आयर्लंडमधील मोठ्या अभ्यासातही जागृती आणि ठरावीक उपचारपद्धती यांनी मृतजन्म लक्षणीयरीत्या घटले नाहीत. प्रसूतीच्या कळा आणण्याचे व सिझेरियनचे प्रमाण मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये रोजच्या मोजणीची शिफारस फक्त संशोधनापुरती ठेवली होती.

म्हणून आता भर आकड्यापेक्षा बदलावर आहे. समजा, सत्तरी तालुक्यातील एका स्त्रीला चौतिसावा आठवडा आहे आणि तिचे बाळ रोज रात्री जेवणानंतर भरपूर फिरते. आज दुपारपासून ते मंद आहे आणि रात्रीही एखाद-दुसरीच हालचाल जाणवली. दिवसाची बेरीज दहाच्या वर गेली असेलही. पण तिच्या बाळासाठी हा बदल मोठाच आहे. घरात सासूबाई म्हणतील, "शेवटी शेवटी जागाच उरत नाही गो, म्हणून हलत नाही." हा समज चुकीचा आहे. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हालचालींची संख्या स्थिरावते आणि त्यांची जात बदलते, लाथांऐवजी वळणे व ढकलणे जास्त जाणवते. परंतु हालचाल प्रसूतीपर्यंत कमी होत नाही.

खात्री वाटत नसेल तर तिने डाव्या कुशीवर झोपावे आणि दोन तास फक्त पोटाकडे लक्ष द्यावे. बाळाची झोप साधारण वीस ते चाळीस मिनिटांची असते, दीड तासापुढे ती क्वचितच जाते. उचक्या सोडून वेगवेगळ्या दहा हालचाली या वेळेत जाणवल्या नाहीत तर लगेच, त्याच रात्री, दवाखाना गाठावा. बदल स्पष्टच असेल किंवा हालचाल पूर्ण थांबली असेल तर हे दोन तासही घालवू नयेत. गोड खाऊन किंवा थंड पाणी पिऊन पाहण्यात वेळ दवडू नये, आणि घरी यंत्रावर ठोके ऐकून निश्चिंत होऊ नये, कारण ठोके शेवटपर्यंत ऐकू येऊ शकतात. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा आणि तपासणीचे कार्ड सोबत घ्यावे. जवळचे आरोग्य केंद्र प्राथमिक तपासणी करून गरज पडल्यास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवू शकते.

तिथे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफीने वाढ व गर्भजल पाहतात. आलेख चांगला आला तरी तो त्या घटकेपुरता असतो. दोन दिवसांनी हालचाल पुन्हा मंदावली तर "परवाच तर दाखवले" म्हणून घरी न थांबता तिने पुन्हा जावे, आणि हे दुसऱ्यांदा होत असल्याचे तिथे आवर्जून सांगावे.