रात्रपाळीचा हिशेब: एकूण तास पुरतात का?

"दिवसाचे एकूण तास बरोबर लिहिले की झालं, सुरू-संपल्याची वेळ कशाला?"

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीतली रात्रपाळी घ्या. कामगार सोमवारी रात्री १०ला आला. बदली न आल्याने मंगळवारी सकाळी १०पर्यंत थांबला. तारखेप्रमाणे लिहिलं तर सोमवारी २ तास, मंगळवारी १०. बेरीज १२, बरोबरच! पण कारखान्यांच्या कायद्यात मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवशीच्या पाळीत धरतात, म्हणजे सगळे १२ सोमवारचे.

तासाला १०० रुपये, ८ तासांनंतर दुप्पट दर धरू, जेवणाची सुट्टी बाजूला ठेवू. पहिल्या नोंदीने ओव्हरटाइम २ तास, पगार १४०० रुपये. खऱ्या वेळांनी ओव्हरटाइम ४ तास, पगार १६००. हे २०० रुपये कुणी मुद्दाम खाल्लेले नसतात, नुसत्या बेरजेत ते दिसतच नाहीत.

पडताळायचं तर हजेरीपट, गेटवरचं पंचिंग आणि पगारपत्रक शेजारी ठेवा. ऑडिटरही तेच करतो. महिनाभर रोज नेमकं १० ते ६ लिहिलेलं दिसलं, की तो आधी तिथंच बोट ठेवतो, कारण माणसं अशी मिनिटाला मिनिट येत नाहीत.