दुसऱ्या हायफनचा ठावठिकाणा: आयएसबीएनच्या यादीतील एक नेहमीचे काम

पुस्तकाच्या मागील पानावर बारकोडपाशी छापलेला आयएसबीएन हा सलग तेरा अंकी आकडा दिसत असला, तरी हायफनांनी त्याचे पाच भाग केलेले असतात. पहिला भाग ९७८ किंवा ९७९, दुसरा देशाचा किंवा भाषिक गटाचा, तिसरा प्रकाशकाचा, चौथा त्या विशिष्ट पुस्तकाचा आणि पाचवा एकच पडताळा अंक. ग्रंथालयाच्या किंवा पुस्तक विक्रेत्याच्या यादीवरून एकाच प्रकाशकाची पुस्तके एकत्र आणायची असतील, तर गट वगळून प्रकाशकापासून पुढचा मजकूर लागतो. दुसरे हायफन शोधून त्याच्या नंतरचे सारे उचलणे, असे हे काम आहे.

डावीकडून सात अक्षरे सोडून बाकीची घ्यावीत, हा उपाय सर्वांत आधी सुचतो आणि भारतीय पुस्तकांपुरता तो चालतोही, कारण भारताचे ८१ आणि ९३ हे दोन्ही गट दोन अंकी आहेत. मात्र यादीत इंग्रजी भाषिक देशांतले पुस्तक आले की गट ० किंवा १ असा एकच अंकी होतो, श्रीलंकेचा गट ९५५ म्हणजे तीन अंकी असतो आणि नेपाळचा ९९३७ म्हणजे चार अंकी. त्यामुळे दुसरे हायफन कधी सहाव्या, कधी सातव्या, कधी आठव्या, तर कधी नवव्या जागेवर येते. स्थान ठरलेले नसल्यामुळे प्रत्येक ओळीत ते नव्याने शोधावे लागते.

एक्सेलमध्ये `FIND` हे फंक्शन एखादे चिन्ह मजकुरात कितव्या जागेवर आहे ते सांगते, पण ते पहिले सापडले की तिथेच थांबते. त्याला तिसरी माहिती देता येते, ती म्हणजे शोध कोणत्या जागेपासून सुरू करायचा. म्हणून आधी पहिले हायफन शोधायचे, त्याच्या पुढच्या जागेपासून पुन्हा शोध सुरू करायचा आणि मिळालेल्या उत्तराच्या पुढचे सर्व `MID` ने उचलायचे:

```
=MID(A2, FIND("-",A2,FIND("-",A2)+1)+1, LEN(A2))
```

A2 मध्ये `978-81-7525-766-5` आहे असे धरू. आतले `FIND` चार हे उत्तर देते. त्यात एक मिळवून बाहेरचा शोध पाचव्या जागेपासून सुरू होतो आणि सातव्या जागेवर हायफन सापडते. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की शोध पाचव्यापासून झाला असला तरी उत्तर मजकुराच्या अगदी सुरुवातीपासून मोजलेले असते, त्यामुळे त्यात आणखी काही मिळवायची गरज नसते. अनेकजण नेमके हेच करतात आणि मग उत्तरातले सुरुवातीचे अंक गळून पडतात. सातात एक मिळवून `MID` आठव्या जागेपासून मजकूर घेते आणि `7525-766-5` हाती येते. किती अक्षरे घ्यायची, याच्या जागी पूर्ण लांबी, म्हणजे सतरा, दिली आहे, प्रत्यक्षात उरलेली अक्षरे दहाच आहेत. पण जास्त मागितले तर `MID` तक्रार करत नाही, आहे तेवढे देऊन थांबते. उरलेली अक्षरे मोजत बसण्यापेक्षा ही सवलत वापरणे सोपे.

या सूत्रातले दोन्ही `+1` वेगवेगळे काम करतात. आतला विसरला तर दुसरा शोध चौथ्या जागेपासूनच सुरू होतो, तेच पहिले हायफन पुन्हा सापडते आणि `81-7525-766-5` असे उत्तर येते, ज्यात गट तसाच राहिलेला असतो. बाहेरचा विसरला तर उत्तराच्या आरंभी हायफन चिकटून येते. दुसरी चूक लगेच दिसते, पहिली मात्र शेकडो ओळींच्या यादीत सहज निसटते.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत (मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२४) `=TEXTAFTER(A2,"-",2)` एवढेच लिहून तेच उत्तर मिळते, आणि ते वाचायलाही सोपे आहे. जुन्या आवृत्तीत ही फाइल उघडायची असेल तर मात्र लांब सूत्रच ठेवावे.

सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते, ते बहुतेक वेळा यादीतल्या मजकुरामुळे. आयएसबीएन २००७ पूर्वी दहा अंकी होता आणि त्यात ९७८ हा भाग नसे. वर घेतलेल्या क्रमांकाचे जुने रूप `81-7525-766-0` आहे. (पडताळा अंक काढण्याची रीत दोन्हींत वेगळी असल्याने शेवटचा अंक बदलतो.) या रूपात दुसरे हायफन प्रकाशकाच्या नंतर येते, म्हणून सूत्र `766-0` असे उत्तर देते. कुठेही त्रुटीचा संदेश दिसत नाही आणि प्रकाशक मात्र गायब होतो.

दुसरे कारण डोळ्यांना दिसतच नाही. पीडीएफ किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात हायफनच्या जागी किंचित लांब डॅश आलेला असू शकतो, आणि संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे चिन्ह असते. साध्या हायफनचा युनिकोड क्रमांक ४५, तर त्या डॅशचा ८२११. सगळीकडेच डॅश असेल तर `FIND` ला काहीच सापडत नाही आणि `#VALUE!` दिसते, ही त्यातल्या त्यात बरी अवस्था म्हणायची. केवळ दुसऱ्या जागी डॅश असेल, तर सूत्र तिसऱ्या हायफनलाच दुसरे समजते आणि पुन्हा तेच `766-5` सारखे अर्धवट उत्तर देते. अशा वेळी `IFERROR` लावून काही उपयोग नाही, कारण दडवायला त्रुटीच नसते.

या दोन कारणांत फरक करण्यासाठी शेजारच्या दोन रकान्यांत हायफनांची संख्या आणि एकूण लांबी काढून ठेवावी:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,"-",""))
=LEN(A2)
```

चार हायफने आणि लांबी सतरा असेल तर क्रमांक आजच्या पद्धतीचा आहे. तीन हायफने आणि लांबी तेरा असेल तर तो जुना दहा अंकी आहे, आणि त्याला पहिल्या हायफननंतरचा मजकूर हवा. तीन हायफने पण लांबी सतरा असेल तर एका हायफनच्या जागी दुसरेच चिन्ह बसले आहे. डॅश असल्याची खात्री `=UNICODE(MID(A2,7,1))` सारख्या सूत्राने संशयित जागेवरच्या चिन्हाचा क्रमांक पाहून होते, आणि मग मूळ मजकूर `SUBSTITUTE(A2,UNICHAR(8211),"-")` ने दुरुस्त करता येतो. नुसती लांबी पाहून निर्णय घेऊ नये, कारण हायफने अजिबात नसलेला तेरा अंकी क्रमांक आणि हायफनांसह जुना दहा अंकी क्रमांक या दोघांची लांबी तेराच भरते.

बारकोड स्कॅनरने भरलेल्या यादीत तर `9788175257665` असा सलग आकडाच येतो. त्यात दुसरे हायफन शोधायला जागाच नसते, कारण प्रकाशकाचा भाग किती अंकी हे त्या गटात कोणती श्रेणी कोणत्या लांबीला दिली आहे यावर ठरते. भारतात हे क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते आणि श्रेणींचा तक्ता लंडनची आंतरराष्ट्रीय आयएसबीएन संस्था प्रसिद्ध करते. ८१ या गटात ७००० ते ८४९९ या श्रेणीतले प्रकाशक चार अंकी आहेत, म्हणून वरच्या आकड्यात ८१ नंतरचे `7525` एवढेच प्रकाशकाचे समजायचे. सलग आकड्यांत आधी या तक्त्यावरून हायफने घालून घ्यावीत आणि मगच वरचे सूत्र लावावे.